दोर सगळ्यांचा, जोर कुणाचा?

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या व्हायवाला बाहेरचे परीक्षक येतात, चार जणांच्या गटाला समोर बसवतात आणि विचारतात, "पानांचे हे फोटो कुठून गोळा केलेत? कोणत्या पानावर कोणता रोग, हे कुणी ठरवलं?" विषय असतो टोमॅटोच्या पानांवरचे रोग फोटोवरून ओळखण्याचा. प्रश्न चौघांना असतो, पण तिघांच्या माना एकदमच चौथ्याकडे वळतात. समोर ब्लॅक बुक असतं, त्यावर चार नावं सारख्याच सोनेरी अक्षरांत असतात, आणि टर्म वर्कचे गुणही चौघांना बहुधा सारखेच मिळतात.

या तिघांना आळशी म्हणून आपण मोकळे होतो. मला ते पटत नाही, कारण त्यांच्यातलाच एखादा स्वतःच्या एकट्याच्या सेमिनारसाठी आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत जागलेला असतो. माणूस तोच, विषयही बहुतेकदा तोच. मग एकीकडे मेहनत आणि दुसरीकडे गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, असं का व्हावं? स्वभावावर बोट ठेवून या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. माझ्या मते ते कामाच्या मांडणीत आहे, आणि ती मांडणी विद्यार्थी करत नाहीत. ती आपण शिक्षक करतो.

या प्रश्नाचा मोजमापासह पहिला अभ्यास एका शेतकी अभियंत्याने केला. मॅक्स रिंगेलमान हा फ्रेंच माणूस १८८० च्या दशकात माणूस, बैल आणि यंत्र यांच्या ओढण्याच्या ताकदीची तुलना करत होता. माणसांना आडवा दोर ओढायला लावून तो जोर यंत्राने मोजायचा. एकटा माणूस सरासरी ८५.३ किलोचा जोर लावत होता. सात जण मिळून ओढू लागले की माणशी जोर ६५ किलोवर यायचा आणि चौदा जणांत ६१.४ वर. हे आकडे १९१३ मध्ये छापले गेले. रिंगेलमानने घसरणीचा मुख्य दोष ताळमेळाला दिला: सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी, एकाच दिशेने बसत नाही, त्यामुळे जोर वाया जातो. पण चक्कीचा दांडा फिरवणाऱ्या कैद्यांकडे पाहून त्याने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती. शेजारचा जोर लावेल या भरवशावर प्रत्येक जण नुसता दांड्याबरोबर हात फिरवत होता.

म्हणजे कारणं दोन झाली, ताळमेळ चुकणं आणि अंग चोरणं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, पण उपाय अगदी वेगळे. ताळमेळ चुकत असेल तर बैठकांचं वेळापत्रक हवं, कामाचा क्रम हवा, कुणी कुणाला केव्हा काय द्यायचं ते ठरलेलं हवं. अंग चोरलं जात असेल तर कितीही बैठका घ्या, फरक पडणार नाही. उलट बैठकीला हजर राहणं हेच काम केल्याचा पुरावा होऊन बसतं. म्हणून दोन्ही वेगळी करून मोजणं महत्त्वाचं होतं, आणि त्याला साठ वर्षं लागली.

१९७४ मध्ये ॲलन इंगम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी साधीच पण चलाख युक्ती केली. दोरावर पहिल्या जागी खऱ्या स्वयंसेवकाला डोळे बांधून उभं केलं. मागे प्रयोगकर्त्यांचीच माणसं होती. ती ओढण्याचा आव आणत, धापा टाकत, पण दोराला जोर लावत नसत. प्रत्यक्षात एकच माणूस ओढत असल्यामुळे ताळमेळ चुकण्याचा प्रश्नच उरला नाही. तरी मागे माणसं आहेत या नुसत्या समजुतीने त्याचा जोर घटला. दोघे आहेत असं वाटलं की एकट्याच्या जोराच्या साधारण ९० टक्के, तिघे वाटले की ८५ टक्के. त्यापुढे मात्र घसरण जवळपास थांबली.

बिब लाताने, किप्लिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स यांनी १९७९ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात हेच ओरडण्याच्या आणि टाळ्या वाजवण्याच्या कामावर तपासलं. खऱ्या गटात दोघे असताना माणशी आवाज एकट्याच्या ७१ टक्के भरला, चौघांत ५१, सहा जणांत ४०. मग त्यांनी डोळे बांधले, कानांवर हेडफोन चढवले आणि एकट्यालाच ओरडायला लावून, तुझ्याबरोबर इतके जण आहेत असं सांगितलं. एक जोडीदार आहे असं वाटल्यावर आवाज ८२ टक्क्यांवर आला आणि पाच आहेत असं वाटल्यावर ७४ टक्क्यांवर. इथे ओरडणाऱ्याला आपण कमी ओरडतोय याची जाणीवही नसते. मला या प्रयोगातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्या गटातला विद्यार्थी "मी माझं काम केलं सर" असं म्हणतो तेव्हा तो दर वेळी खोटं बोलत असतो असं नाही.

दोन वर्षांनी याच तिघांनी कारणाचा पुढचा पदर उलगडला. प्रत्येकासमोर वेगळा मायक्रोफोन ठेवून, गटात ओरडतानाही तुझा आवाज वेगळा मोजला जातो आहे, असं सांगितल्यावर घसरण नाहीशी झाली. उलट ज्यांना आपला आवाज कधीच वेगळा ओळखला जाणार नाही असं वाटत होतं, ते एकटे ओरडतानाही हातचं राखूनच ओरडले. म्हणजे गर्दीत असल्यामुळे मेहनत कमी होते हे अर्धंच खरं. आपला वाटा कुणाला दिसत नाही, हे मनात बसलं की ती कमी होते, मग शेजारी कुणी असो वा नसो.

इथवर आलेला शिक्षक म्हणेल, सोपं आहे, वाटे दाखवा. आपण तसं करतोही. ब्लॅक बुकात कामाच्या वाटणीचं पान असतं: डेटा गोळा करणं याचं, मॉडेल त्याचं, मोबाइल ॲप तिसऱ्याचं, अहवाल आणि पीपीटी चौथीची. प्रोजेक्ट डायरीत दर आठवड्याला गाईडची सही असते. नावं समोर आहेत, वाटे लिहिलेले आहेत, तरी व्हायवाला माना वळतातच.

का वळतात, याचं उत्तर हार्किन्स आणि जेफ्री जॅक्सन यांच्या १९८५ च्या प्रयोगात सापडतं. त्यांनी लोकांना एखाद्या वस्तूचे जमतील तितके उपयोग सुचवायला सांगितले. काहींना सांगितलं की गटातल्या सगळ्यांना एकच वस्तू दिली आहे. काहींना सांगितलं की प्रत्येकाची वस्तू वेगळी आहे. कुणी किती उपयोग सुचवले हे वेगळं ओळखता येत होतं, तरी वस्तू वेगवेगळ्या असतील तर त्याचा फायदा झाला नाही. मेहनत टिकली ती सगळ्यांची वस्तू एक असताना. नाव दिसणं पुरेसं नव्हतं. शेजारच्याशी ताडून पाहता येणं लागत होतं.

आता ते वाटणीचं पान पुन्हा पाहा. चौघांना चार वेगळ्या वस्तू दिलेल्या आहेत. ॲपच्या तीन स्क्रीन करायला तीन आठवडे लागले, हे जास्त की कमी? तिघांपैकी कुणीच ॲप केलेलं नसतं, त्यामुळे सांगणार कोण? "सर्व्हरचा प्रॉब्लेम आहे" हे वाक्य दोन महिने चालतं ते याच कारणाने. वाटणीच्या पानाने नाव मिळतं, माप मिळत नाही. त्यातून दुसरं नुकसान असं की काम चौघांचं राहतच नाही. चार तुकडे होतात, सबमिशनच्या आदल्या रात्री ते एकमेकांना जोडायला बसावं लागतं, आणि जोडणारा पुन्हा तोच एक असतो.

म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक प्रोजेक्टात कामाचा निदान एक टप्पा असा हवा, जिथे चौघेही एकच गोष्ट करतील. पानांच्या प्रोजेक्टात हे सहज जमतं. प्रत्येकाने दोनशे फोटो स्वतः शेतात जाऊन काढायचे. त्याशिवाय पन्नास फोटो चौघांना तेच द्यायचे आणि कोणत्या पानावर कोणता रोग आहे ते एकमेकांशी न बोलता लिहायला सांगायचं. आठवड्याने चारही याद्या शेजारी शेजारी ठेवल्या की दोन गोष्टी कळतात. लवकर येणारा करपा आणि उशिरा येणारा करपा यांत चौघांचा गोंधळ कुठे होतो ते कळतं. कोणत्याही तऱ्हेने हे प्रोजेक्टाला लागणारच असतं, कारण माणसांचंच एकमत नसेल तर मॉडेल काय शिकणार! आणि कुणी याद्या बसून केल्या, कुणी बसच्या रांगेत उभ्या उभ्या उरकल्या, तेही कळतं. हे शिक्षकाला सांगावं लागत नाही. चौघे स्वतःच पाहतात. आधीच्या बॅचच्या गटांचं एकमत किती होतं ते समोर ठेवलं तर आणखी चांगलं, कारण गटाला स्वतःचं काम तोलायला बाहेरचं माप मिळालं तरी अंग चोरणं कमी होतं, असं हार्किन्सनेच केट शिमान्स्कीबरोबर १९८९ मध्ये दाखवलं आहे.

आता त्या चौथ्याकडे वळू, ज्याच्याकडे माना वळतात. तो सगळं करतो म्हणून आपण त्याचं कौतुक करतो आणि विषय संपवतो. जोडीदार कच्चे आहेत असं वाटलं आणि काम महत्त्वाचं वाटलं तर माणूस त्यांची कसर स्वतः भरून काढतो, हे खरं आहे. पण नॉर्बर्ट कर याच्या १९८३ च्या प्रयोगात याची दुसरी बाजू दिसते. जोडीदार अंगात क्षमता असूनही काम करत नाही असं कळलं की लोक स्वतःचं नुकसान सोसूनही आपली मेहनत कमी करत. जोडीदाराला जमतच नाही असं वाटलं तर ते तितकं मनाला लावून घेत नसत. आपला वापर होतो आहे, ही भावना नुकसानापेक्षा जड जाते. पहिल्या सेमिस्टरला जीव तोडून काम केलेला मुलगा दुसऱ्या सेमिस्टरला नुसता सबमिशनपुरता उरतो तेव्हा "प्लेसमेंट झालं, आता मन नाही" असं आपण म्हणतो. कधी ते खरंही असतं. पण तिघांना आपल्याइतकेच गुण मिळाल्याचं त्याने डिसेंबरात पाहिलेलं असतं, हे आपण लक्षात घेत नाही.

म्हणून एकाच निकालातून वेगवेगळे गुण काढण्याचा मार्ग लागतो. माझ्या माहितीतला सगळ्यांत वापरण्याजोगा मार्ग नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातल्या केमिकल इंजिनिअरिंगच्या वर्गांत वापरला गेला. डेबोरा कॉफमन, रिचर्ड फेल्डर आणि ह्यू फुलर यांनी तो २००० मध्ये मांडला. प्रत्येकाने गटातल्या माणसांना आकडा द्यायचा नाही, शेरा द्यायचा. सगळ्यांत वरचा शेरा वाट्यापेक्षा जास्त उचलणाऱ्याला, त्याखालचा ठरलेलं काम नेहमी करणाऱ्याला, मधला बहुतेक वेळा करणाऱ्याला, काठावरचा अधूनमधून गैरहजर राहणाऱ्याला, आणि अगदी तळाचा फिरकलाच नाही त्याला. शेऱ्यांमागचे आकडे शिक्षक लावतो: १००, ८७.५, ७५ असे समान पायऱ्यांनी शून्यापर्यंत. शेरा मेहनतीला आणि जबाबदारीला द्यायचा, हुशारीला नाही, हे विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितलेलं असतं. या एका सूचनेवर पद्धतीचा न्याय उभा आहे. ती गाळली तर ग्रामीण भागातून आलेला, इंग्रजीला बिचकणारा पण रोज येऊन बसणारा मुलगा पहिला मार खातो.

हिशेब असा. गटाला ८० गुण मिळाले समजा. इतरांनी दिलेल्या शेऱ्यांची सरासरी पहिल्या दोघींची प्रत्येकी ८७.५, तिसऱ्याची ७५ आणि चौथ्याची ५० आली. स्वतः स्वतःला दिलेला शेरा मी धरत नाही. गटाची सरासरी ७५. प्रत्येकाची सरासरी गटाच्या सरासरीने भागली की पहिल्या दोघींचा गुणक १.१७ येतो, तिसऱ्याचा १ आणि चौथ्याचा ०.६७. पण वरचा गुणक १.०५ च्या पुढे जाऊ द्यायचा नाही असा नियम आहे. म्हणून पहिल्या दोघींना ८४, तिसऱ्याला ८०, चौथ्याला ५३.

ही वरची मर्यादा पाहून माझे काही सहकारी नाराज होतात. जास्त करणाऱ्याला फक्त चार गुण जास्त? मला तीच यातली शहाणी गोष्ट वाटते. मर्यादा नसती तर त्या दोघींचे गुण ९३ झाले असते, आणि शेजारच्याला खाली ओढून स्वतः वर जाण्याचा मोह तयार झाला असता. आता चौथ्याला कमी शेरा देऊन कुणाला फारसं काही मिळत नाही, त्यामुळे तो शेरा खरा असण्याची शक्यता वाढते. ज्या मुलांनी कष्ट केले त्यांना गुणांच्या लुटीत फारसा रस नसतो; तिघांबरोबर एका रांगेत मोजलं जाणं त्यांना खुपत असतं.

पद्धत फसते तेव्हा ओळखू येते. सगळ्यांनी सगळ्यांना वरचा शेरा दिला की गुणक सगळीकडे १ येतो आणि आपण जिथे होतो तिथेच राहतो. हॉस्टेलच्या एकाच खोलीतल्या चौघांचा गट असेल तर हे हमखास होतं. असे फॉर्म आले की समजावं, एकतर गट खरंच उत्तम चाललाय किंवा फॉर्म एकत्र बसून भरलेत. व्हायवाला पाच मिनिटांत यातलं काय खरं ते उघड होतं. दुसरी खूण जास्त काळजीची: तिघांचे एकमेकांना उत्तम शेरे आणि एकाला तिघांचाही तळाचा. तो कामचुकार असेल, किंवा त्याला बाहेर ठेवलं गेलं असेल. इथे गुणक आपोआप लावू नये, चौघांना वेगवेगळं बोलावून विचारावं. मुलीकडे अहवाल, आराखडे आणि पीपीटी ढकलायची आणि शेरा देताना "तिने कोडिंग कुठे केलं" म्हणायचं, हा प्रकार मी कमी पाहिलेला नाही.

कोडिंगच्या नोंदींवर सगळं सोपवणारेही आहेत. ही आज्ञा दिली की कुणाच्या नावावर किती नोंदी आहेत ते एका क्षणात दिसतं:

```
git shortlog -sn
```

पण चौघे एकाच लॅपटॉपवर बसले असतील तर सगळ्या नोंदी लॅपटॉपवाल्याच्या नावावर पडतात, आणि एक-एक ओळ बदलून नोंदी वाढवणं कुणालाही जमतं. शेतात उन्हात काढलेले दोनशे फोटो त्यात एका नोंदीत येतात. पुरावा म्हणून ती यादी समोर ठेवावी, न्याय तिच्याकडून मागू नये.

एवढं करूनही एक गोष्ट उरते. दिसणं आणि ताडून पाहणं यांनी माणूस अंग चोरायचा थांबतो. गटामुळे तो एकट्यापेक्षा जास्त करू लागेल असं त्यातून होत नाही. तसंही घडतं, आणि ते ऑटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात बर्लिनच्या एका नौकाविहार क्लबातल्या वल्हेकऱ्यांवर पाहिलं. जोडीने वजन उचलायचं होतं आणि एकाचे हात थकले की दोघांचंही काम तिथेच संपायचं. अशा जोडीतला कमकुवत माणूस एकटा असताना टिकायचा त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. आपल्यामुळे दुसऱ्याचं अडतंय, हे त्याला कळत होतं. पण ताकदीतलं अंतर मध्यम असेल तेव्हाच हा परिणाम ठळक दिसला. अंतर फार मोठं झालं की कमकुवत माणूस आधीच हात टेकतो.

प्रोजेक्टात याची जागा व्हायवाला आहे. गुणांचा एक भाग, मी साधारण पाचवा हिस्सा म्हणेन, असा ठेवावा की चिठ्ठी काढून ज्याचं नाव येईल त्याने प्रोजेक्टाच्या कोणत्याही भागावर बोलायचं आणि त्याचे गुण चौघांना. हे पहिल्या दिवशी सांगितलेलं हवं. मग मॉडेल करणारी मुलगी ॲप करणाऱ्याला मॉडेल समजावून सांगते, कारण चिठ्ठी त्याची निघाली तर गुण तिचेही जाणार असतात. आणि त्यालाही "मला त्यातलं नको विचारू" म्हणता येत नाही. पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ठेवू नये असं मला वाटतं, कारण अंतर खरोखर मोठं असेल तर चिठ्ठीतलं नाव त्या मुलासाठी शिक्षा होते. तसं अंतर असलेल्या गटात त्याच्या हाती असा वाटा द्यावा जो दुसरं कुणी करणार नाही आणि ज्याच्यावाचून पुढचं अडेल. आपल्याशिवायही होऊनच जाईल असं वाटणं हेही अंग चोरण्याचं मोठं कारण असतं.

यातलं बहुतेक काही वर्षाच्या शेवटी करून उपयोग नाही. एप्रिलमध्ये फॉर्म भरून घेतले तर चौथ्याला ५३ मिळतील, पण त्याचे दोनशे फोटो मिळणार नाहीत, आणि दोघींचा वर्षभराचा संताप फक्त आकड्यात उतरेल. शेऱ्यांचा पहिला फेरा पहिल्या रिव्ह्यूनंतर लगेच घ्यावा, त्याचे गुण धरू नयेत, आणि ज्याचा गुणक ०.९ च्या खाली येईल त्याला एकट्याला बोलावून तो आकडा दाखवावा. तिघांनी वेगवेगळं बसून आपल्याबद्दल हे लिहिलंय, हे त्या खुर्चीत बसून कळणं आणि निकालाच्या कागदावर कळणं यांत महिन्यांचं अंतर असतं. त्या महिन्यांत टोमॅटोचा आणखी एक हंगाम येऊन जातो आणि फोटो काढायला पानं शेतातच असतात.